व्हॉइसओव्हरमध्ये टेबलाचा 'ढुप्प' आणि माऊसची टिकटिक, परत रेकॉर्ड न करता कसं काढायचं?

परळचा_नितीन
मंडळी नमस्कार. एका ट्रेनिंग व्हिडिओसाठी मराठी व्हॉइसओव्हर केलाय, साधारण पाऊण तासाचा. घरीच कॉम्प्युटर टेबलावर बसून, स्क्रिप्ट स्क्रीनवर उघडी, माऊसने खाली सरकवत सरकवत वाचलंय. रेकॉर्डिंग करताना काही वाटलं नाही, लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकलं तेव्हाही ठीकच वाटलं, पण क्लायंटने हेडफोन लावून ऐकलं आणि म्हणाला मधेमधे कोणीतरी दार ठोकतंय असं वाटतं. मग मीही हेडफोन लावून ऐकलं तर खरंच, जिथे जिथे हात टेबलावर ठेवलाय किंवा कोपर टेकलंय तिथे 'ढुप्प' येतोय, आणि जवळजवळ प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी माऊसची टिक-टिक. परत वाचलं असतं पण सध्या घसा पार बसलाय आणि फाईल या आठवड्यात द्यायचीय.
कंडेन्सर माईक आहे, टेबलाला क्लॅम्पने अडकवलेल्या आर्मवर. टेबल प्लायचं, सनमायका लावलेलं. ऑडॅसिटी वापरतो. ८० हर्ट्झचा लो-कट लावून बघितला, काही फरक पडला नाही. नॉइज रिडक्शन लावलं तर आवाजच पाण्याखालून आल्यासारखा झाला.

बंड्या_बेस
भावा सोप्पंय, नॉइज गेट लाव. थ्रेशोल्ड मायनस ४० वर ठेव, तू बोलत नसशील तेव्हा सगळं बंद, टिकटिक पण जाईल नि ढुप्प पण जाईल. मी माझ्या गेमिंग चॅनलला हेच करतो, मेकॅनिकल कीबोर्ड असून कोणाला कळत नाही

कांजूरचा_पाहुणा
मलापण सेम प्रॉब्लेम होता, रेकॉर्डिंगमध्ये टिकटिक टिकटिक. इंटरफेसच्या सेटिंगमध्ये जाऊन बफर ६४ वरून ५१२ केला, गायब. ड्रायव्हरपण अपडेट करून घ्या.

परळचा_नितीन
@कांजूरचा_पाहुणा बफर वाढवून काय होणार, हा माऊसचाच आवाज आहे हो, मी क्लिक केल्यावरच येतो.

फेडरवाली
अंधेरीत पोस्टमध्ये डायलॉग एडिट करते, रोजचंच दुखणं आहे हे म्हणून लिहितेय. जरा लांब होईल.

आधी पाहुण्यांचा मुद्दा, कारण दोन्ही 'क्लिक' लोक एकच समजतात आणि मग चुकीचं हत्यार उचलतात. बफर कमी पडल्याने येणारी टिक असते ती सॅम्पल तुटल्यामुळे. स्पेक्ट्रोग्राममध्ये ती खालपासून वरपर्यंत सरळ उभी बारीक रेघ दिसते, तिला शेपूट नसतं, एकटीच असते, आणि माऊसला हात न लावताही येते. माऊसची टिक जोडीने येते, एक बटण दाबताना आणि एक सोडताना, मधे साधारण सेकंदाचा दहावा भाग, आणि दोन्हींच्या मागे थोडी धूसर शेपटी दिसते कारण तो आवाज खोलीतून फिरून माईकमध्ये आलेला असतो. ऑडॅसिटीचं Click Removal किंवा कुठलंही डी-क्लिक मुळात पहिल्या प्रकारासाठी असतं, अगदी एक-दोन मिलिसेकंदाच्या गोष्टींसाठी. माऊसची टिक त्याच्यापेक्षा बरीच लांब असते, म्हणून ते एकतर पकडत नाही, नाहीतर सेटिंग वाढवलं की तुमचे 'ट' आणि 'क' पण खायला लागतं.

गेटचं म्हणाल तर, गेट आवाजाच्या पातळीवर उघडतं. टेबलाचा ढुप्प बहुतेक वेळा इतका मोठा असतो की गेट त्याच्यासाठीच उघडतं. आणि बोलता बोलता आलेल्या ढुप्पाचं गेट काय करणार, ते तर तेव्हा उघडंच असतं. शिवाय ट्रेनिंगच्या आवाजात दर वाक्यानंतर खोलीचा आवाज कापला गेला की माणूस हेडफोनमध्ये दचकतो. गेमिंगला मागे गेमचा आवाज असतो म्हणून खपतं.

आता नितीन, तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, ढुप्पाची फ्रीक्वेन्सी. स्पेक्ट्रोग्राम व्ह्यूमध्ये जा, सेटिंगमध्ये विंडो साइज ४०९६ करा आणि वरची फ्रीक्वेन्सी ५०० वर आणा, म्हणजे खालचा भाग मोठा दिसेल. ढुप्प कुठे सर्वात उजळ आहे आणि किती वेळ टिकतो ते बघा. दोन, त्याच चित्रात तुमच्या आवाजाची सर्वात खालची पट्टी कुठे आहे ते. आणि ८० चा जो लो-कट लावलात त्याचा रोल-ऑफ किती ठेवला होता?

परळचा_नितीन
ताई थँक्यू. रोल-ऑफ हात लावला नाही, ६ होता. ढुप्प साधारण ६८-७० ला दिसतोय, पाव सेकंद टिकतो, वर १५० पर्यंत अंधूक पसरलाय. माझी खालची पट्टी ११० ते १२० मध्ये वरखाली होतेय, वाक्याच्या शेवटी मात्र ९० च्या आसपास उतरते.

फेडरवाली
मग तिथेच उत्तर आहे. ८० ला ६ डीबीचा उतार म्हणजे ६८ हर्ट्झवर जेमतेम ४ डीबी कमी होतं. ढुप्पाला काय कळणार. तोच फिल्टर १०० हर्ट्झला ४८ डीबीच्या उताराने लावला तर ६८ वर पंचविसेक डीबी उतरतात, आणि तुमच्या ११५ च्या पट्टीला अर्धा डीबीसुद्धा धक्का लागत नाही. म्हणजे नुसता आकडा नाही, उतार महत्त्वाचा. ढुप्प आणि आवाज यांच्यात फट लहान आहे, त्या फटीत बसायला कडा उभी लागते.

पण हे अख्ख्या फाईलला लावू नका. वाक्याच्या शेवटी तुम्ही ९० ला उतरता, तिथे १०० चा फिल्टर आवाजाचं बूडच काढून घेईल, दर वाक्य शेवटी पातळ वाटेल. अख्ख्या फाईलला फारतर ६०-७० चा लावा, आणि १०० चा फक्त जिथे ढुप्प आहे तेवढ्या पाव-तीन दशांश सेकंदाला.

एक जागा घेऊन सांगते. समजा 'अर्जदाराने' मधल्या 'दा' वर ढुप्प आलाय. ढुप्पाच्या थोडं आधीपासून ते तो विरेपर्यंत सिलेक्ट करा, शक्यतो कडा व्यंजनावर किंवा श्वासात पाडा, भर स्वरात नको. मग Z दाबा, सिलेक्शनच्या कडा शून्यावर सरकतात. नंतर हे,

```
High-Pass Filter
Frequency (Hz): 100
Roll-off (dB per octave): 48
```

आता ऐका. कडेला बारीक टिक ऐकू आली तर समजा की कापलेल्या आणि न कापलेल्या भागाचा सांधा जुळला नाही. मग अनडू करून दुसरा मार्ग, अख्खा ट्रॅक Ctrl+D ने डुप्लिकेट करा, खालच्या डुप्लिकेटला पूर्ण फिल्टर लावा, आणि एन्व्हलप टूलने फक्त ढुप्पाच्या जागी वरचा ट्रॅक खाली नि खालचा वर आणा, पंधरा-वीस मिलिसेकंदात. कंटाळवाणं आहे पण सांधा कळत नाही.

आणि ढुप्प 'स', 'श', 'फ' अशा अक्षरावर आला असेल तर तुमचं नशीब. त्या अक्षरांना खाली काही नसतंच, तिथे बिनधास्त २०० पर्यंत कापा, कोणाच्या बापाला कळणार नाही.

बंड्या_बेस
ताई तुम्ही म्हणता ते बरोबर असेल पण ४८ चा उतार लावला की फिल्टर स्वतःच रिंग करतो ना, फेजची वाट लागते, आम्हाला सांगितलं होतं कधीच २४ च्या वर जाऊ नये

फेडरवाली
@बंड्या_बेस रिंग करतो, खरंय. ढोल किंवा बेस गिटारवर मी पण ४८ लावणार नाही, तिथे ऐकू येतं. पण इथे तो रिंग होणार १०० च्या आसपास, पाव सेकंदासाठी, आणि वर माणूस बोलतोय. २४ ने सुद्धा करून बघा की, ६८ वर तेरा-चौदा डीबी जातील. हलका ढुप्प असेल तर तेवढ्यात भागतं.

शुभाकाकू_माहीम
मला फारसं कळत नाही यातलं पण विचारते. मी लहान मुलांच्या गोष्टी रेकॉर्ड करून नातवंडांना आणि आमच्या ग्रुपवर पाठवते. मला टेबलाचा नाही पण बांगड्यांचा आवाज येतो, पान उलटताना हात टेबलाला लागला की छन्न. तो या फिल्टरने जाईल का? बांगड्या काढा असं सांगू नका, त्या निघत नाहीत आता.

फेडरवाली
काकू, त्या फिल्टरने नाही जाणार, बांगडी खूप वरच्या पट्टीत वाजते, काही हजार हर्ट्झला, आणि वाजत राहते. चित्रात आडव्या बारीक रेघा दिसतील. मनगटावर रुमाल गुंडाळून बांगड्या वर सरकवा आणि पानं टेबलावर न ठेवता मांडीवर उशी घेऊन त्यावर ठेवा. आमच्याकडे डबिंगला येणाऱ्या बायका हेच करतात.

शुभाकाकू_माहीम
बरं बाळा. रुमालाचं लक्षात नव्हतं आलं.

रीपर_राजे
बाकी सगळं ठीक आहे पण मूळ कारणावर कोणी बोलत नाहीये. आर्म टेबलाला क्लॅम्प केलाय तर टेबल म्हणजे ढोलकीचं पान आणि माईक त्याला शाईसारखा चिकटवलेला, वाजणारच. त्यातून स्प्रिंगवाला आर्म असेल तर तो अजून झुलतो. लॅमिंग्टन रोडला जाऊन जमिनीवरचा स्टँड घेऊन या, विषय संपला. शॉक माउंटवर पैसे घालवू नका.

परळचा_नितीन
राजे, खोली दहा बाय दहाची आहे, त्यात टेबल, कॉट आणि कपाट. जमिनीवर स्टँड ठेवला तर दार उघडणार नाही. आणि पुढच्या वेळचं पुढच्या वेळी, आधी हे निस्तरायचंय 😅

फेडरवाली
राजे, शॉक माउंट अगदीच फुकट जात नाही. माउंटचे रबर स्वतःच्या झुलण्याच्या फ्रीक्वेन्सीच्या बऱ्याच वरचे धक्के अडवतात. चांगला सैल माउंट ६८ चा ढुप्प कमी करेल. घट्ट प्लास्टिकचे स्वस्तातले असतात ना, ज्यात माईक अजिबात हलत नाही, ते फक्त शोभेला.
नितीन, धक्का आर्ममधून येतोय की हवेतून ते तपासायला क्लॅम्प सोडवा, आर्मसकट माईक कोणालातरी हातात धरायला सांगा, माईकचं तोंड त्याच जागी, आणि तुम्ही टेबलावर पूर्वीसारखंच कोपर आपटा. ढुप्प गेला आणि नुसती बारीक टक उरली तर सगळा दोष क्लॅम्पचा. तेवढाच राहिला तर खोलीच वाजतेय, मग स्टँड बदलून उपयोग नाही.

परळचा_नितीन
केलं, भावाला धरायला लावलं. ढुप्प जवळजवळ गेला, टक राहिली. म्हणजे क्लॅम्पच.

'अर्जदाराने' वाली पद्धत बहुतेक सगळीकडे चालली, खरंच भारी. पण दोन जागी अडकलोय. एक 'सादर करावी लागेल' मधल्या 'गेल' वर ढुप्प आहे, वाक्याचा शेवट, आवाज ८८-९० ला. १०० लावला तर 'गेल' टेलिफोनवरून आल्यासारखं येतं. आणि माऊसचं अजून सुरूच केलं नाहीये.

फेडरवाली
'गेल' वर फट अगदीच कमी आहे, ६८ आणि ८८. ८० हर्ट्झ, ४८ उतार लावा. आवाजाचा एक डीबीही जाणार नाही पण ढुप्प सुद्धा दहा-बाराच डीबी उतरेल. तेवढ्याने 'कोणी दार ठोकतंय' चं 'काहीतरी हललं' होतं आणि ट्रेनिंग व्हिडिओत मागे म्युझिक असेल तर पुरतं. पुरलं नाही तर 'लागेल' दुसरीकडून उचला. असल्या स्क्रिप्टमध्ये 'करावी लागेल', 'भरावी लागेल' दहादा येतंच. मात्र वाक्याच्या शेवटचंच 'लागेल' घ्या, मधलं घेतलं की सूर वर राहतो आणि वाक्य अर्धवट वाटतं. सांधा 'ल' च्या आधीच्या फटीत नाही, 'ग' च्या आधी जो क्षणभर दाब असतो तिथे टाका, तो लपतो.

आता माऊस. विंडो साइज ५१२ किंवा २५६ करा. ४०९६ मध्ये टिक पसरून ढगासारखी दिसते, नेमकी कुठे सुरू झाली कळत नाही. वरची फ्रीक्वेन्सी परत १०-१२ हजार करा.
वाक्यांच्या मधल्या टिका सगळ्यात सोप्या. रेकॉर्डिंगमध्ये कुठेतरी तुम्ही दोन-तीन सेकंद नुसते गप्प असाल, श्वास नाही, टिक नाही, तो तुकडा बाजूला कॉपी करून ठेवा. टिकेची जोडी सिलेक्ट करून तेवढ्याच लांबीचा गप्प तुकडा त्यावर पेस्ट करा. दोन्ही टिका घ्या, लोक पहिली काढतात आणि सोडतानाची तशीच राहते. आणि Silence करू नका, तिथे खोली मरते. एकच तुकडा सगळीकडे वापरला तर लांब गॅपमध्ये पुनरावृत्ती कळते, दोन-तीन ठेवा.

बोलण्यावर आलेल्या टिकांना आधी विचारा, ऐकू येतेय का? 'स', 'च', 'छ' वर आलेली टिक तिथेच विरघळते, डोळ्याला दिसते म्हणून खाजवत बसू नका. स्वरावर आलेली खटकते. तिथे फक्त टिकेएवढा चौकोन करा, २ ते ६-७ हजार हर्ट्झ, तीसेक मिलिसेकंद, आणि `Spectral Edit Parametric EQ` ने १२ डीबी खाली करा. पूर्ण डिलीट केलं तर स्वरात भोक पडतं, आणि ते भोक टिकेपेक्षा जास्त लक्ष वेधतं.

रीपर_राजे
रीपरमध्ये आयटमवरच स्पेक्ट्रल एडिट टाकता येतात, मूळ फाईलला धक्का लागत नाही, नंतर कमीजास्त करता येतं. पाऊण तासाच्या कामाला ऑडॅसिटी म्हणजे छळ आहे. आणि एवढं हाताने कशाला, आरएक्सचं डी-क्लिक घ्या, एकदा फिरवा, चहा पिऊन या.

फेडरवाली
आरएक्स मी पण वापरते राजे, स्पेक्ट्रल रिपेअर हातात आहे म्हणून काम लवकर होतं, पण ते सुद्धा जागा बघून. अख्ख्या फाईलवर डी-क्लिक फिरवून चहा प्यायला गेलेल्यांच्या फाईली आमच्याकडे येतात आणि त्यातले 'ट' 'ठ' बोबडे असतात. आपल्याकडे ट-वर्ग भरपूर, इंग्रजीवर बसवलेलं सेटिंग मराठीला जशास तसं नाही लागू पडत असा माझा अनुभव आहे.

रीपर_राजे
माझा नाही. सेन्सिटिव्हिटी कमी ठेवली तर काही बोबडं होत नाही.

कांजूरचा_पाहुणा
मी माझी फाईल आत्ता झूम करून बघितली, उभ्या रेघाच आहेत, शेपूट नाही. म्हणजे माझं बफरचंच होतं. पण ५१२ करून पण कधीतरी एखादी येतेच. असो, वेगळा धागा काढतो.

परळचा_नितीन
एक शेवटचं. क्लायंटला आवाज जरा दणदणीत हवाय, कॉम्प्रेसर लावायचाय. आधी लावू की हे सगळं झाल्यावर?

फेडरवाली
झाल्यावर. आधी लावलात तर दोन गोष्टी होतील. गॅपमधली टिक मायनस ४८ ला असेल आणि तुम्ही मेकअप गेन १० दिलात तर ती मायनस ३८ ला येऊन बसेल, म्हणजे आत्ता न ऐकू येणाऱ्या टिका सुद्धा काढाव्या लागतील. आणि ढुप्प कॉम्प्रेसरला बोलण्यापेक्षा मोठा वाटतो, तो त्याच्यावर दाबतो, मग ढुप्पानंतरचं अर्धं अक्षर उगाच बसतं. नंतर ढुप्प काढलात तरी ते बसलेलं अक्षर परत उठत नाही. म्हणून ढुप्प, मग माऊस, मग कॉम्प्रेसर. कॉम्प्रेसरनंतर एकदा हेडफोनवर पूर्ण ऐका, दोन-चार टिका नव्याने वर येतीलच. लॅपटॉपच्या स्पीकरवर तपासू नका, त्यातून ७० हर्ट्झ येतच नाही, म्हणून तर तुम्हाला पहिल्यांदा कळलं नव्हतं.

परळचा_नितीन
ओके. 'लागेल' दुसरीकडून आणून लावलं, बसलं. एका ठिकाणी ढुप्प, माऊस आणि खालून गेलेल्या टेम्पोचा हॉर्न तिन्ही एकाच शब्दावर आहेत, 'प्रमाणपत्र', आणि हा शब्द स्क्रिप्टमध्ये एकदाच आहे.

बंड्या_बेस
भावा तेवढा शब्द बसलेल्या घशाने रेकॉर्ड करून टाक ना, कोणाला कळतंय

फेडरवाली
कळेल. शब्द एकदाच असला तरी 'प्रमाण' आणि 'पत्र' वेगवेगळे कुठे आहेत का ते शोधा, 'अर्जपत्र', 'ओळखपत्र' काहीतरी असेल. मिळालं तर 'ण' नंतरच्या 'प' ला सांधा टाका, ओठ मिटलेले असतात तेव्हा शांतताच असते. नाहीच मिळालं तर क्लायंटला सांगून घसा सुटेपर्यंत तेवढा एक शब्द उधार ठेवा, माईक त्याच अंतरावर, पण या वेळी क्लॅम्प टेबलाला नको, खिडकीच्या कट्ट्याला लावा.

परळचा_नितीन
'ओळखपत्र' आहे! 'प्रमाण' शोधतोय.